सॅलरी स्लिप दाखवायची, पण कुठली नोकरी ते नाही (माझा अनुभव)

डिसेंबरपर्यंत टीडीएस शून्य आणि जानेवारीच्या स्लिपवर एकदम २३,१४०. पेरोलला तिकीट टाकलं तर उत्तर काय, "ॲज पर सिस्टीम", आणि तिकीट क्लोज. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. जानेवारीत बोनस आला होता म्हणजे काहीतरी टॅक्स लागणार हे मलाही कळत होतं हो, पण एवढा कसा ते सांगा ना, तर नाही. सीएला पैसे देण्याएवढं प्रकरण मोठं वाटत नव्हतं, म्हणून ठरवलं की टॅक्सचे प्रश्न सोडवणाऱ्या एका ग्रुपवर स्लिपच टाकू. आणि तिथेच अडकले, कारण ग्रुपवर सगळे अनोळखी आणि स्लिपवर माझी अख्खी कुंडली.

आधी आकडे सांगते (इथे सोपे करून दिलेत, प्रकार तोच). महिन्याला ग्रॉस १,००,०००, त्यात बेसिक ५०,०००, बाकी एचआरए आणि स्पेशल अलाउन्स. जानेवारीत बोनस १,२०,०००. वर्ष २०२५-२६, न्यू रेजीम, वर्षभर एकच कंपनी. म्हणजे वर्षाचे १३,२०,०००.

पहिला विचार सगळ्यांसारखाच, नाव आणि अकाउंट नंबर झाकला की झालं. पण स्लिप समोर ठेवून एकेक रकाना बघायला लागल्यावर लक्षात आलं की कंपनीचं नाव आणि लोगो झाकून काही होत नाही, खाली पीएफ नंबर बसलेला असतो. त्या नंबरच्या सुरुवातीला ऑफिसचा कोड आणि मग आस्थापनेचा कोड असतो, आणि ईपीएफओच्या साइटवर आस्थापना शोधायची सोय कोणालाही खुली आहे. तो कोड टाकला की कंपनीचं नाव समोर. मग वर लोगोवर काळा पट्टा मारून काय उपयोग? एम्प्लॉयी कोड, डेझिग्नेशन आणि जॉइनिंग डेट हे त्रिकूट पण तसंच, एकेकटं निरुपद्रवी पण तिन्ही मिळून माणूस ओळखता येतो.

पॅन तर पूर्णच झाका, अर्धा नको. बरेच जण शेवटचे आकडे झाकतात आणि पुढची अक्षरं ठेवतात, पण त्यातलं पाचवं अक्षर आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. यूएएन, बँक अकाउंट, आयएफएससी, सगळं गेलं. या कशाचाही टॅक्सच्या हिशोबाशी संबंध नाही.

खरा घोळ आकड्यांचा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आकडे तरी कशाला दाखवतेस, राउंड फिगर सांग ना, साधारण तेरा लाख म्हण. ऐकायला बरोबर वाटतं, पण माझ्या केसमध्ये याच्यानेच सगळं उत्तर बदलतं. न्यू रेजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा करून उरलेलं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य. त्याच्या थोडं वर गेलं तर रिबेट जातो, पण मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे १२ लाखांच्या वर जितके रुपये गेलात त्यापेक्षा जास्त टॅक्स लावायचा नाही. माझे १३,२०,००० वजा ७५,००० म्हणजे १२,४५,०००. स्लॅबप्रमाणे टॅक्स ६६,७५० येतो, पण वरचे आहेत फक्त ४५,०००, म्हणून टॅक्स ४५,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ४६,८००. आता "साधारण तेरा लाख" म्हटलं असतं तर वरचे २५,००० राहतात आणि उत्तर येतं सेससकट २६,०००. वीस हजार इकडचे तिकडे केले तर टॅक्सही तेवढाच हलतो, या पट्ट्यात राउंड फिगर म्हणजे वेगळाच प्रश्न विचारणं.

म्हणून मी ठरवलं, ओळख सांगणारं सगळं झाकायचं पण टॅक्सच्या आकड्याला हात लावायचा नाही. बेसिक, एचआरए, स्पेशल, बोनस, पीएफ, पीटी, टीडीएस, महिना, आणि शेजारचा वर्षाची आतापर्यंतची बेरीज दाखवणारा रकाना. हा रकाना झाकायचा मोह होतो कारण त्यात मोठा आकडा दिसतो, पण जानेवारीपर्यंतचे ११,२०,००० तिथेच दिसतात आणि त्यात पुढच्या दोन महिन्यांचे दोन लाख धरले की वर्षाचा अंदाज कळतो. नेट पे झाकून काही मिळत नाही, ग्रॉसमधून कपात वजा केली की तो निघतोच. सोसायटीचा हप्ता किंवा मेडिक्लेम असेल तर नाव झाकलं तरी चालेल, रक्कम ठेवा, नाहीतर कपातीची बेरीज जुळत नाही आणि समोरचा त्याच्यातच अडकतो.

शहर मी झाकलं कारण न्यू रेजीममध्ये एचआरएची सूट नाही. ओल्ड रेजीमवाल्यांनी मात्र एवढं तरी सांगा की मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यातलं आहे की नाही, कारण तिथे बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा आणि बाकीकडे ४०. पुणं ४० मध्ये धरतात, २०२५-२६ साठी तरी. पीटीच्या २०० वरून राज्याचा थोडाफार अंदाज लावता येईल म्हणा, पण तेवढ्यावरून कोण शोधणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरं पान, टॅक्स कॉम्प्युटेशन शीट. आमच्या पोर्टलवर ते वेगळं डाउनलोड करावं लागतं आणि त्यावर पुन्हा नाव, पॅन सगळं छापलेलं. पण उत्तर तिथेच होतं. स्लिपवर नुसता २३,१४० दिसतो, शीटवर दिसतं की वर्षाचा टॅक्स ६६,७५०, रिबेट शून्य, मार्जिनल रिलीफची ओळच नाही, सेस धरून ६९,४२० भागिले उरलेले तीन महिने. ग्रुपवरच्या एका काकांनी ते बघून लगेच सांगितलं, "रिलीफ दिलेला नाही, हिशोब लिहून पाठवा त्यांना." तसा पाठवला, आणि काय आश्चर्य, यावेळी सिस्टीमला कळलं. ४६,८०० मधून कापलेले २३,१४० वजा जाऊन फेब्रुवारी आणि मार्चला ११,८३० प्रत्येकी. नाहीतर रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसले असते.

झाकायचं कसं हे राहिलंच. फोनमधल्या हायलायटरने काळं करू नका, तो थोडा पारदर्शक असतो आणि फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर तो नुसता वर ठेवलेला असतो. करून बघा, चौकोनावरून माउस ओढून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा, खालचं नाव जसंच्या तसं येतं. मी पीडीएफचा स्क्रीनशॉट काढला, वरचा लोगोचा भाग कापूनच टाकला, बाकीवर गडद भरलेले चौकोन टाकले आणि त्याचा परत स्क्रीनशॉट काढून तोच पाठवला. मूळ पीडीएफ तर अजिबात पाठवू नका, आमच्याकडे तिचा पासवर्डच पॅन आणि जन्मतारीख जोडून केलेला आहे, म्हणजे फाइल उघडायला तेच सांगावं लागणार.

ब्राउझरमधून प्रिंट काढली असेल तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पोर्टलचा पत्ता येतो, त्यात कंपनीचं नाव असतं, ते बघा. आणि फाइलचं नाव बदला, आमच्या पोर्टलवरून उतरणाऱ्या प्रत्येक स्लिपच्या नावातच एम्प्लॉयी कोड असतो.