एकाच गोठ्यातली दोन वासरं

पावसाळ्यातली गोष्ट, फलटणकडचा एक गोठा, सहा-सात संकरित होल्स्टीन गाया. सकाळी साडेसातला फोन आला, डॉक्टर लवकर या, दोन्ही वासरांना हगवण लागलीय, एक तर उठतच नाही. जाऊन बघतो तर दोघांच्या शेपट्या पिवळ्या पातळ शेणानं भरलेल्या, मालकाच्या हातात मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, आणि दूध त्यांनी आदल्या दिवसापासूनच बंद केलेलं, का तर दुधानं हगवण वाढते.

उभी असलेली कालवड नऊ दिवसांची, वजन साधारण 35 किलो. मी आधी शेण नाही बघत, डोळा बघतो. खालची पापणी बोटानं हलकेच बाहेर ओढली की डोळा आणि पापणी यांच्यात फट दिसते का ते बघायचं, धडधाकट वासरात डोळा पापणीला चिकटलेला असतो. हिची फट चार मिलिमीटरच्या आसपास होती. मग मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरून, किंचित पिळून सोडली आणि मोजलं, एक, दोन, तीन, चार, तेव्हा कुठं ती सपाट झाली. दोन सेकंदांच्या आत बसायला पाहिजे. डोळा आणि कातडी दोन्ही मिळून हिच्या अंगातलं पाणी वजनाच्या सात-आठ टक्के गेलं होतं असा अंदाज. (वासरू आधीपासूनच रोडावलेलं असेल तर चरबी गेल्यामुळंही डोळा आत जातो, म्हणून एकट्या डोळ्यावर मी कधी ठरवत नाही.) तोंड गरम, बोट घातलं तर चोखत होती, जरा मंद पण चोखत होती, आणि ताप 101.8, म्हणजे वासराच्या मानानं नाहीच.

दुसरा गोऱ्हा पाच दिवसांचा, आडवा. डोळ्याची फट सात-आठ मिलिमीटर, कातडी तशीच उभी राहिली, मी आठपर्यंत मोजून सोडून दिलं. कान गार, बोट तोंडात घातलं तर जीभ हलली पण नाही. ताप 104.4, बेंबी जाड आणि दाबली की दुखत होती. चीक कधी पाजला विचारलं तर मावशी म्हणाल्या रात्री व्याली, सकाळी दहाला पाजला. तिथंच माझ्या पोटात गोळा आला.

गोऱ्ह्याला शिरेतून सलाईन लावलं, सोबत सोडा बायकार्ब, कारण इतकं पाणी गेलेल्या आणि चोखणं बंद झालेल्या वासराच्या रक्तात आम्ल साचलेलं असतं, तोंडानं पाजून वेळेत काही होत नाही आणि जबरदस्तीनं बाटली लावली तर पाणी फुफ्फुसात जातं. आणि त्याला अँटिबायोटिक दिलंच, अमॉक्सिसिलिन, इंजेक्शननं, पाच दिवस रोज. ताप, मलूलपणा, बेंबी, उशिरा मिळालेला चीक, हे सगळं एकत्र असलं की जंतू आतड्यातून किंवा बेंबीतून रक्तात गेल्याची शक्यता मोठी असते, तिथं थांबायचं नसतं.

"आणि हिला डॉक्टर? गोळी देऊ ना?" नाही म्हटलं. त्यांना पटेना, दोघांची हगवण सारखीच दिसतेय, मग एकाला औषध आणि एकीला नाही असं कसं? समजावलं, दादा, दुसऱ्या आठवड्यातली हगवण बहुतेक वेळा रोटासारख्या विषाणूची किंवा क्रिप्टो नावाच्या परजीवीची असते, त्यावर ही गोळी चालत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मरतात. ताप आला, शेणात रक्त दिसलं किंवा ही चोखायची बंद झाली तर लगेच फोन करा, तेव्हा मी देईन.

हिशोब त्यांच्यासमोर केला. 35 किलोचे आठ टक्के म्हणजे जवळपास तीन लिटरची तूट, वर हगवणीतून रोज जातंय ते वेगळं. म्हणून ओआरएस दीड-दीड लिटर, दिवसातून तीनदा, कोमट पाण्यात, चोखत असेल तोवर बाटलीनं. जनावरांचं पाकीट तिथं मिळालं नाही, माणसांच्या पाकिटात वासराला लागतो तेवढा सोडा-मीठ नसतो, म्हणून एका लिटरमागं अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा घालायला सांगितला. दूध बंद करायचं नाही, थोडं थोडं पण वेळेवर, फक्त दूध आणि ओआरएसमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, सोड्यानं दूध पोटात नीट फाटत नाही. दूध बंद केलं की वासरू हगवणीपेक्षा उपाशीपणानं खचतं, हे मी त्या गोठ्यात तीनदा सांगितलं असेल.

संध्याकाळी परत गेलो. कालवडीची कातडी दोन सेकंदांत बसत होती. गोऱ्हा मान वर धरून बसला होता, बोट घातलं तर हलकं ओढलं. तो तिसऱ्या दिवशी उभा राहिला.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन, "डॉक्टर, कालवड अजून पातळच हागतेय, आता तरी गोळी?" मी विचारलं दूध पिते का, डोळा कसा आहे? थोडा वेळ फोनवर काही आवाज नाही, मग म्हणाले, "पितेय की. फट नाही, चिकटलेलाय." म्हटलं मग ओआरएस अजून दोन दिवस चालू ठेवा.