समईतलं तेल

रविवार, १० एप्रिल २०२२

आज रामनवमी. सकाळी देवापाशी गेले तर समईत तेल अगदी तळाला, वात जेमतेम भिजेल एवढंच. म्हटलं, "आई, अजून घालू का तेल?" तर म्हणाल्या, "राहू दे गं, पुरतं तेवढं."

झालं ते एवढंच. पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

कारण तेलाच्या बरणीवर मागच्या रविवारी मार्करने चार रेघा मीच मारल्यात. आठवड्याला एक. कुणाला काही बोलले नव्हते. पण रेघ मारलेली बरणी ओट्यावर ठेवायची आणि वर म्हणायचं की मी कुठे कुणाला काय बोलले!

पाडव्यानंतर खर्चाची वही घेऊन बसले होते. दर महिन्याला आकडा फुगला की आधी मनात येतं, कुणीतरी जास्त वापरलं. जास्तीची खिचडी कुणी केली, गाडी उगाच कुणी काढली. या वेळी म्हटलं, आधी रुपये नको, लिटर आणि किलो लिहू. तर काय, सगळं जिथल्या तिथे. दोन गाड्यांचं पेट्रोल वीस लिटर, जानेवारीतही वीसच. तेलाच्या पिशव्या चार, तेव्हाही चारच. घरात कुणीही काहीही जास्त वापरलेलं नाही. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट राग आला, आणि तो काढायला कुणी सापडेना.

मग जुन्या कप्प्यांत जुनेच भाव ठेवले आणि वरचा फरक तेवढा 'भाववाढ' म्हणून वेगळा काढला. नोव्हेंबरपासून हूं की चूं न केलेलं पेट्रोल २२ मार्चला हललं आणि सोळा दिवसांत चौदा वेळा वाढलं. (मधल्या काळात निवडणुका होत्या, हा निव्वळ योगायोग.) मुंबईत ११० चं १२० रुपये ५१ पैसे झालं. आमच्या वीस लिटरचे २१० रुपये जास्त. युक्रेनच्या लढाईने सूर्यफूल तेल १५५ वरून १९० ला नेलं, चार पिशव्यांचे १४०. गॅस पन्नासने वाढला, पण आमचा सिलिंडर चाळीस दिवस जातो, म्हणजे महिन्याला अडतीस धरले. आणि व्हॅनवाल्या काकांनी तीनशे वाढवले.

हे तीनशे मी इतके दिवस 'शाळा' या कप्प्यात लिहीत होते आणि शाळेच्या नावाने खडे फोडत होते. ते खरं तर डिझेल आहे. शाळेचा काही संबंधच नाही. भाजीतही तेच असणार, पण तिथे उन्हाळा कुठे संपतो आणि टेम्पोभाडं कुठे सुरू होतं ते कोण सांगणार? दहा रुपयांना एक लिंबू मिळतंय, त्यापुढे मी हात टेकले. भाजी सोडून बेरीज ६८८. सातशेला बारा कमी.

तेवढे आणायचे कुठून? 'साठवण'ला हात लावायचा नाही, याच महिन्यात वर्षाचे गहू भरायचेत आणि ते पैसे आत्ता मोडले तर वर्षभर वाण्याकडून किलो-किलोने आणावे लागतील. दूध, आईंची औषधं, हप्ता, सगळं हलत नाही ते हलत नाही. मग नेहमीसारखं 'माझं' पाकीट उघडलं. पाचशे त्यातून. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडेच जातो. याचं एकदा काय ते... जाऊ दे.

उरले १८८. त्यासाठीच त्या रेघा.

आणि त्या रेघा आईंनी पाहिल्या. की नाही पाहिल्या? त्यांना चष्म्याशिवाय मार्कर दिसतो का? 'राहू दे' म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. नेहमीचाच होता म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी बसून समईचाही हिशेब केला, लाज वाटली तरी केला. रोज दोन चमचे म्हणजे महिन्याला तीनशे मिली. त्यावरची वाढ साडेदहा रुपये. एका लिंबाएवढी! साडेदहा रुपयांसाठी देवापुढचा उजेड कमी झाला आमच्या घरात, आणि तोही रामनवमीला. तेही नक्की माझ्यामुळेच का, ते विचारायची हिंमत नाही.

संध्याकाळी नेलपॉलिश रिमूव्हरने बरणी घासली. तीन रेघा गेल्या, चौथी नुसती फिसकटली. समई काठोकाठ भरून आले.

थोड्या वेळाने आई स्वयंपाकघरातून, "अगं, बरणीवरच्या खुणा कुणी पुसल्या? लोणच्याला तेल मोजायला बऱ्या होत्या की." आणि मग बाहेर येऊन, "आणि समई एवढी भरू नकोस, वात बुडते."