गडवा फिरत होता, पण दिसत नव्हता

आमच्या गावात, भंडारा जिल्ह्यात, बाजाराच्या रस्त्यावर पितळी भांड्यांचं एक छोटं दुकान आहे. लग्नसराईत आंदणाची भांडी घ्यायला आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तिथंच येतात. दुकानाचे काका मला म्हणाले, "मोबाईलवर टाकाले एक व्हिडिओ बनवून दे ना बाबू. गडवा असा गोल फिरून राह्यला पाहिजे, जसे मोठ्या दुकानांचे असतात तसा." कॉम्प्युटरवर थ्रीडी वस्तू बनवायचं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर मी थोडंफार शिकलेलो. गडवा म्हणजे तांब्या, गोल वस्तू, एका दिवसाचं काम, असं वाटून मी हो म्हणून बसलो.

बनवायला तो खरंच सोपा निघाला. पोटाभोवती दोरा गुंडाळला, तो 37.7 सेंमी भरला, 3.14 ने भागलं, रुंदी 12 सेंमी. उंची 14. मग तीन मीटर लांब जाऊन, मोबाईल गडव्याच्या पोटाच्या उंचीवर धरून, झूम करून फोटो काढला. जवळून काढला असता तर पोट फुगीर आणि मान बारीक आली असती. त्या फोटोवरून ब्लेंडरमध्ये गडव्याची फक्त एका बाजूची रेघ काढली आणि Screw मॉडिफायर लावून ती 360 अंश फिरवली. कुंभाराच्या चाकासारखंच. जाडी दिली, गडवा तयार.

फिरवण्यासाठी मी आधी पहिल्या फ्रेमवर 0 आणि 240 व्या फ्रेमवर 360 अंश अशा दोन खुणा दिल्या. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 10 सेकंदांत एक फेरा. पितळ म्हणून पिवळा रंग, Metallic 1, Roughness 0.2. एक लाइट ठेवला आणि छोट्या आकारात कच्चा व्हिडिओ काढून काकांना दाखवला.

काकांनी दहा सेकंद पाहिलं, परत दहा सेकंद पाहिलं. "हे तर फोटो आहे ना?"

"नाही काका, फिरून राह्यला तो."

"काहून दिसून नाही राह्यला मग?"

त्यांचं बरोबर होतं. पहिली आणि साठावी फ्रेम मी शेजारी शेजारी ठेवली. मध्ये गडवा बराच फिरलेला, आणि दोन चित्रांत तिळाएवढा फरक नाही. कारण धातूला स्वतःचं असं रूपच नसतं, समोर जे आहे ते तो दाखवतो. चमक कुठं पडणार हे तिथल्या पृष्ठभागाचं तोंड, लाइट आणि कॅमेरा या तिघांवर ठरतं. लाइट आणि कॅमेरा जागेवर, आणि गोल गडवा कितीही फिरवला तरी त्या जागी येणारा भाग आधीच्यासारखाच. चमक हलणार कशी?

कोणी म्हणेल, मग कॅमेरा फिरवा. मी तेही करून पाहिलं. कॅमेरा गडव्याभोवती फिरला की लाइट एकदा समोरून येतो, एकदा मागून, आणि अर्धा वेळ गडवा काळा दिसतो. ते दुकानातलं भांडं वाटत नाही. दिव्याभोवती कोणीतरी चकरा मारतंय असं वाटतं. वस्तूच फिरली पाहिजे, लाइट जागेवर हवेत. फक्त वस्तूच्या अंगावर काहीतरी असलं पाहिजे, जे चमकेखालून सरकत जाईल.

उत्तर दुकानातच होतं. काकांकडचे चांगले गडवे ठोक्याचे असतात, अंगभर हातोडीचे छोटे खळगे. मानेभोवती उभ्या खाचा, मी मोजल्या तर बरोबर 60. आणि गिऱ्हाईक सांगेल ते पोटावर कोरून देतात.

खळग्यांसाठी वेड्यावाकड्या कप्प्यांचं Voronoi टेक्श्चर घेतलं आणि ते Bump मधून, म्हणजे आकार न बदलता नुसता उठाव भासवणाऱ्या नोडमधून, पृष्ठभागाला जोडलं. खळगा साधारण 8 मिमीचा, एका मीटरमध्ये असे 125 बसतात, म्हणून Scale ला 125. खळगे छान उठले. व्हिडिओ काढला, आणि गडवा पुन्हा थांबलेला! मी कूलरसमोर बसून अर्धी रात्र त्यात घालवली. चूक एवढीशी होती. टेक्श्चरला जागा कुठून मोजायची हे सांगताना मी Geometry नोडचं Position जोडलं होतं. ते मोजमाप खोलीच्या हिशोबानं असतं, गडव्याच्या नाही. गडवा आत फिरत होता आणि खळगे हवेत टांगल्यासारखे जागेवर होते. तिथं Texture Coordinate चं Object जोडलं आणि पहिल्यांदा गडवा फिरताना दिसला. एकेक खळगा चमकेत यायचा, लुकलुकायचा आणि कडेला जाऊन विझायचा.

चमकेचंही एक सांगतो. सुरुवातीला मी फुकट मिळणारं गोल वातावरणाचं चित्र लावलं होतं, तर गडव्याच्या पोटात कुठल्या तरी परक्या घराची मोठी खिडकी आणि बाहेरची झाडं दिसायला लागली. काढून टाकलं. डाव्या-उजव्या बाजूला दोन उंच, अरुंद आयताकृती लाइट, वर एक मोठा, बाकी सगळं अंधारात. पितळेला अंधार लागतो. सगळीकडे उजेड केला की ते पिवळ्या प्लास्टिकसारखं दिसतं.

कोरायचं होतं "सप्रेम भेट". माझ्याकडच्या ब्लेंडरमध्ये मराठी टाइप केलं तर "प्रे" चं जोडाक्षर फुटलं, प चा पाय मोडून र वेगळा उभा. म्हणून ते शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट लिहून काळ्या-पांढऱ्या चित्रात काढले आणि ते चित्र Bump ला दिलं.

आता फेरा जिथं संपतो तिथं गडवा मंदावायचा आणि हलकासा अडखळायचा. दोन खुणांमधला वेग ब्लेंडर आपण होऊन सुरुवातीला आणि शेवटी कमी करतो. शिवाय 0 आणि 360 अंश एकच असल्यानं शेवटची आणि पहिली फ्रेम सारखीच होती, म्हणजे एक फ्रेम दोनदा. मी खुणाच पुसल्या आणि Rotation च्या Z च्या खान्यात हे टाइप केलं:

```
#frame*2*pi/240
```

यात वेग सगळीकडे एकसारखा राहतो. 240 व्या फ्रेमला फेरा पूर्ण होतो आणि पहिली फ्रेम त्याच्या दीड अंश पुढे असते, त्यामुळे जोड कुठं आहे ते कळत नाही.

काका खुश. पण म्हणाले, "जरा जोरात फिरव ना, लोक एवढं थांबत नाहीत." मी 4 सेकंदांचा फेरा केला, 96 फ्रेम. आणि जे दिसलं ते पाहून काकांच्या दुकानातला पोरगा हसायलाच लागला. पोट डावीकडून उजवीकडे चाललं होतं आणि मान उजवीकडून डावीकडे! बैलगाडीचं चाक व्हिडिओत उलटं फिरताना दिसतं, तसंच.

हिशोब केला तेव्हा कळलं. मानेवर 60 खाचा, म्हणजे दर 6 अंशांवर एक. 96 फ्रेमच्या फेऱ्यात प्रत्येक फ्रेमला गडवा 3.75 अंश पुढे जातो. पण त्याच वेळी मागची खाच आधीच्या खाचेच्या जागेपासून फक्त 2.25 अंशांवर येते. सगळ्या खाचा सारख्याच, म्हणून डोळा जवळची जोडी लावतो आणि त्याला मान मागे गेल्यासारखी वाटते. पोटावरचे खळगे वेडेवाकडे असल्यानं तिथं ही फसगत होत नाही. म्हणजे एका फ्रेममध्ये खाचांमधल्या अंतराच्या निम्म्याहून, इथं 3 अंशांहून, कमी फिरलं पाहिजे. 120 फ्रेमचा फेरा बरोबर काठावर येतो, तिथं मान नुसती थरथरते. शेवटी 8 सेकंदांवर, 192 फ्रेमवर तडजोड झाली. फ्रेमला 1.875 अंश. मान सरळ चालली आणि "सप्रेम भेट" वाचायला वेळही मिळाला. वरच्या ओळीत 240 च्या जागी 192 केलं.

आता रेंडर, म्हणजे एकेका फ्रेमचं पक्कं चित्र काढणं. माझा लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी केव्हाच गेलेली. उभा 1080×1920, एका फ्रेमला अडीच मिनिटं, म्हणजे 192 फ्रेमला 8 तास. मे महिना, आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून सरळ व्हिडिओ फाइल काढायची नाही. मध्येच लाइन गेली तर ती अर्धवट फाइल बहुतेक उघडतच नाही. प्रत्येक फ्रेम वेगळी PNG म्हणून काढायची आणि Overwrite ची खूण काढून टाकायची, म्हणजे झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे चालतं. रात्री लॅपटॉप कूलरच्या वाऱ्यात, पण पाण्याच्या तुषारांपासून दूर, ठेवला आणि ही ओळ दिली:

```
blender -b gadva.blend -s 1 -e 192 -a
```

-a शेवटीच हवं. आधी लिहिलं तर पुढचे आकडे तो बघतच नाही. रात्रीतून लाइन एकदा गेली, उठून तीच ओळ पुन्हा दिली. सकाळी 192 फाइल होत्या, पण 71 व्या जागी रिकामी फाइल, 0 केबी. मी Placeholders पण चालू ठेवलं होतं, त्यामुळे फ्रेम सुरू करतानाच तो रिकामी फाइल करून ठेवतो. लाइन तेव्हाच गेली आणि परत आल्यावर फ्रेम झालेली समजून पुढे गेला. फोल्डर आकारानुसार लावून पाहिलं म्हणून सापडली. ती पुसून तेवढी एक फ्रेम पुन्हा काढली आणि सगळ्यांचा व्हिडिओ केला:

```
ffmpeg -framerate 24 -i %04d.png -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p gadva.mp4
```

यातलं yuv420p विसरलो होतो तेव्हा व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर चालत होता आणि काकांच्या मोबाईलवर नुसता काळा पडदा.

व्हिडिओ गेला. आठवड्यानं बाजाराच्या दिवशी काकांनी बोलावलं. एक बाई मुलीच्या लग्नासाठी गडवा घ्यायला आल्या होत्या. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात दुकानातला गडवा. "मले हा नाही, व्हिडिओतला पाहिजे. त्याचे ठोके खोल आहेत." मी गडवा हातात घेऊन बोट फिरवलं. खळगे जेमतेम जाणवत होते. लुकलुक चांगली दिसावी म्हणून मी Bump ची Strength 0.6 ठेवली होती, आणि असा गडवा काकांकडेच काय, कुठल्याच कासाराकडे मिळाला नसता.

काकांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी दुकानातलाच गडवा घेतला, पण भाव बराच पाडून. मी त्याच रात्री Strength 0.25 केली, एक फ्रेम काढून खऱ्या गडव्याशेजारी धरून पाहिली, जुन्या 192 फाइल पुसल्या आणि लॅपटॉप पुन्हा कूलरसमोर ठेवला.