फोटोतला बंब आणि चिन्हातला बंब

"दुकानाचा, मालाचा चांगला फोटो आम्ही देतोच आहोत, मग त्याच फोटोचा साधा लोगो करायला तुम्हांला तीन आठवडे कशाला लागतात?"

गेल्या वर्षी पुण्याच्या तांबट आळीतल्या एका दुकानासाठी केलेल्या कामाचीच हकिगत सांगतो, कारण त्यात वेळ कुठे गेला हे मला अजून नीट आठवते. मालकांनी दोन फोटो पाठवले होते. एक दुकानाचा दर्शनी भाग दाखवणारा आणि दुसरा पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचा. दुकानाच्या फोटोत विजेच्या तारा, दोन स्कूटर आणि शेजारच्या दुकानाची अर्धी पाटी होती. ते सगळे पुसल्यावर उरणारी लाकडी फळ्यांची चौकट कसब्यातल्या कोणत्याही जुन्या दुकानाची म्हणून खपली असती. त्यातली एकच गोष्ट मी वहीत टिपून ठेवली, ती म्हणजे दाराची बुटकी, रुंद कमान. बाकी सारी मदार बंबावर होती.

त्या फोटोवरून थेट चिन्ह काढणे मात्र शक्य नव्हते. फोटो मोबाइलने, अगदी जवळून आणि उभ्याने वरून घेतलेला होता, त्यामुळे बंबाचा माथा मोठा आणि पाय निमुळते दिसत होते. शिवाय तोटी समोरून टिपलेली होती. समोरून पाहिले की तोटी म्हणजे पिंपाच्या पोटावरचा एक ठिपका होतो. तिचा बाक, तिची मूठ, काहीच दिसत नाही. मी दुकानात जाऊन बंब इतका फिरवला की तोटी बरोबर उजव्या कडेला आली, आणि तीन-साडेतीन मीटर मागे सरकून, कॅमेरा बंबाच्या मध्याइतक्या उंचीवर धरून, झूम करून पुन्हा फोटो घेतला. असे केले की कडा जवळजवळ समांतर राहतात आणि माथ्याची लंबगोल कडा सपाट रेघेसारखी दिसते. चिन्ह सपाट करायचे असेल तर ते सपाटपण फोटो घेतानाच मिळवलेले बरे.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: संगणक हे आपोआप करीत नाही का? करतो. इंकस्केप या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये `Path > Trace Bitmap` ही फोटोतल्या कडा आपोआप काढून देणारी सोय आहे आणि ती मी याही वेळी वापरून पाहिली. तांबे मात्र या सोयीला हमखास चकवते, कारण चकाकत्या भांड्यावरचे गडद-उजळ पट्टे हे भांड्याच्या आकाराचे नसून समोर जे काही असेल त्याचे प्रतिबिंब असतात. माझ्या ट्रेसमध्ये रस्ता, दार आणि कॅमेरा धरलेला मी स्वतः, असे सगळे काळे-पांढरे तुकडे होऊन उतरलो होतो. त्यात माठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेल्या प्रत्येक खळग्याची भर पडली आणि रेघा जोडणाऱ्या बिंदूंची संख्या हजारावर गेली. संगणक उजेडाची सीमा शोधतो. आपल्याला वस्तूची सीमा हवी असते.

म्हणून ट्रेसिंग पेपर घेऊन फक्त बाहेरची कड काढली, आत काहीही नाही. ती काळी भरून दहा-बारा जणांना प्रत्येकी दोन सेकंद दाखवली आणि 'हे काय आहे?' एवढेच विचारले. बहुतेकांनी 'बाटली' म्हटले. घोटाळा धुराड्यात होता. ते मी फोटोतल्या मापाने काढले होते आणि ते धडाला सलग जुळल्यामुळे बाटलीच्या मानेसारखे दिसत होते. खऱ्या बंबात धुराडे हे पाण्याच्या पिंपातून आरपार गेलेले वेगळे नळकांडे असते. आत निखारे आणि भोवती पाणी. हे वेगळेपण फोटोत सावलीमुळे कळते, पण सपाट काळ्या आकारात सावली नसते. ते दुसऱ्या कशाने तरी सांगावे लागते.

त्यानंतर मी 32 × 32 चौकटींची जाळी घेतली. धड 16 चौकटी रुंद ठेवले, धुराडे सातावरून चारावर आणले आणि दोहोंच्या मध्ये 2 चौकटींची पांढरी फट सोडली. त्या फटीबरोबर बाटली नाहीशी झाली. दोनच चौकटी का, यालाही कारण आहे. मालकांना हे चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर 16 पिक्सेलमध्ये आणि तांब्यावर उठवायच्या 16 मिलिमीटरच्या ठशावर, अशा दोन्ही ठिकाणी हवे होते. दोन चौकटी म्हणजे पडद्यावर एक पिक्सेल आणि ठशावर एक मिलिमीटर. त्याहून बारीक फट पडद्यावर करडी होते आणि ठशात बुजते.

तोटी उलट मोठी करावी लागली. खऱ्या मापाने ती जेमतेम कोंबासारखी दिसत होती, म्हणून तिची जाडी 3 चौकटी केली आणि ती 6 चौकटी बाहेर काढली. अर्थात तोल उजवीकडे गेला. सॉफ्टवेअर कडेपासून कडेपर्यंत मोजून मध्य काढते, तसा काढला तर धड डावीकडे सरकलेले दिसते. म्हणून सगळा आकार डोळ्यांना बरा वाटेपर्यंत एक चौकट उजवीकडे घेतला. हे मोजून येत नाही, कागद उलटा धरून पाहिले की येते.

दोन पायांमधली राख पडायची पोकळी मी सुरुवातीला चौकोनी काढली होती. तिथे दुकानाच्या दाराची कमान बसवली; `Path > Difference` वापरून धडातून ती कापून काढली. ही केवळ हौस नव्हती. नुसते मालाचे चित्र कोणीही काढू शकतो, आणि मालाचा प्रकार सांगण्यापलीकडे काहीच न करणारे चिन्ह 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 9 मध्ये अडकून त्याची नोंदणी नाकारली जाण्याचा संभव असतो. कमानीमुळे तो बंब निदान या दुकानाचा झाला. शेवटी तीन आकार उरले, आणि बिंदू तीसच्या आसपास.

मालकांची नाराजी एकाच गोष्टीवर होती: "अहो, पण आमचं माठारकाम कुठे गेलं?" त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण त्यांच्या हातची खरी कला तीच. ठिपका 2 चौकटींचा आणि मधली जागाही तेवढीच धरली, तर 16 चौकटींच्या धडावर एका ओळीत चारच ठिपके मावतात आणि लहान आकारात ते सगळे मिळून डाग होतात. तेव्हा तीन ओळींचे ठिपके असलेली आवृत्ती फक्त पाटीसाठी केली. दुसरी अडचण गडद पिशवीवर छापताना आली. पांढरा आकार काळ्या पार्श्वभूमीवर आहे त्याहून जाड भासतो, त्यामुळे धुराड्याखालची फट मिटल्यासारखी दिसू लागली आणि बाटली परत आली. त्या छपाईसाठी फट अडीच चौकटींची केली आणि ती फाइल वेगळी दिली. छापखान्यात अदलाबदल होऊ नये म्हणून तिच्या नावातच 'गडद कागद' असे लिहून ठेवले आहे.