एक की नऊ?

पोळ्याची सुट्टी होती. आठवीच्या एका मुलीनं दुपारी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिचं गाव औसा तालुक्यात, माझ्या शाळेपासून चार किलोमीटर. फळ्यावरून उतरवून घेतलेला सराव होता: पूर्ण वर्ग संख्या ओळखा, उरलेल्यांचं वर्गमूळ एक दशांश स्थळापर्यंत अंदाजानं सांगा. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम.

पहिली तीन गणितं बरोबर. चौथ्याला मी थबकले. मला संख्या ३२४९ दिसत होती आणि तिनं उत्तर लिहिलं होतं ५६.९. पण ६० चा वर्ग ३६००, त्यातून ३६० वजा करून ९ मिळवले की ३२४९. म्हणजे हा ५७ चा वर्ग. मी "चूक" असं लिहून पाठवलं.

लगेच तिचा फोन आला. "मॅडम, मला तर एक्केचाळीस दिसायलंय."

फोटो मोठा केला. पान दुमडलेलं होतं, सावली नेमकी शेवटच्या अंकावर पडली होती. देवनागरी एक आणि नऊ घाईत लिहिले की त्यांच्यात फरक उरतो तो एका छोट्या वळणाचा, आणि तेच वळण सावलीत गेलं होतं.

मग मी नेहमीच्या चाचण्या लावल्या. शेवटी २, ३, ७, ८ असेल तर पूर्ण वर्ग नाही. इथं १ आणि ९ दोन्ही चालतात. विषम वर्गात दशकस्थानी सम अंक लागतो. तो ४ आहेच. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा केल्यावर १, ४, ७ किंवा ९ उरायला हवं. ३२४१ ला १ येतो, ३२४९ ला ९. दोन्ही पास! या चाचण्या फक्त नाकारतात, हो कधीच म्हणत नाहीत. हे मी वर्गात पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं.

निकाल लागला तो अंदाजानं. ३२४१ हे ५० आणि ६० च्या वर्गांच्या मध्ये पडतं. शेवटी १ म्हणजे मूळ ५१ किंवा ५९. पण ५१ चा वर्ग २६०१, ५९ चा ३४८१. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे ३२४१ पूर्ण वर्ग नाही.

तिला विचारलं, ५६.९ कसं काढलंस?

"सत्तावन्नचा वर्ग बत्तीसशे एकोणपन्नास. त्याच्यापेक्षा आठ कमी. सत्तावन्नची दुप्पट एकशे चौदा. आठला एकशे चौदानं भागलं की शून्य दशांश शून्य सातच्या आसपास येतं. तेवढं सत्तावन्नमधून कमी केलं."

५६.९३ येतं, एका स्थळापर्यंत ५६.९. ही रीत जवळच्या वर्गापासून फरक लहान असेल तेव्हाच चांगली चालते, आणि इथं तो आठच होता. म्हणजे तिच्या वहीत शेवटचा अंक १ होता. ते उत्तर ३२४९ मधून आलंच नसतं. मी "चूक" खोडलं, "बरोबर" लिहिलं आणि माझ्या टाचणवहीत तो अंक अक्षरी लिहून ठेवला: बत्तीसशे एक्केचाळीस.