रजिस्टरमधलं 13.8

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, आमच्या सावदा-रावेर पट्ट्यातल्या एका केळी पॅकहाऊसची. नाव काढत नाही, शेठ वाचतात फोनवर सगळं.

मी तिथं सहा वर्षं क्वालिटीला होतो. फण्यांची जाडी, लांबी, चिकाचे डाग, पेटीचं वजन हे माझं काम, आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. मग जुने मॅनेजर अचानक नोकरी सोडून गेले आणि शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, उद्यापासून तू बघ. संपलं. पेढे वाटले, आईने देवापुढं नारळ फोडला, आणि रात्री गादीवर पडल्यावर डोक्यात एकच, की ह्यांना दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मला बसवलंय आणि महिनाभरात सगळ्यांना कळेल की याला काही येत नाही.

ही भावना कशी असते ते नीट सांगतो, कारण मला वाटायचं आपण घाबरट आहोत एवढंच. तसं नव्हतं. क्वालिटीचं काम करताना मला कधीच भीती वाटली नाही. पण मॅनेजर झाल्यावर कोणी नुसतं "साहेब, एक विचारू का" म्हटलं तरी पोटात गोळा यायचा, की आता हा असं काहीतरी विचारणार जे मला माहीत नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली, समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत "हो हो, माहितीये मला" म्हणून टाकायचं. दुसरी सवय म्हणजे सगळं स्वतः तपासायचं. पहाटे पाचला गेटवर हजर. प्रत्येक लॉटवर माझी सही झाल्याशिवाय पेट्या कोल्ड रूममध्ये जाणार नाहीत असा नियम मीच काढला. लोकांना वाटलं नवा साहेब कडक आहे. कडक कसला, मला रात्री स्वप्नात 13 किलोऐवजी 12 किलो 600 ग्रॅमची पेटी दिसायची.

आणि अप्पा. अप्पा म्हणजे आमचे कोल्ड रूमवाले, अमळनेरकडचे, पंचावन्नच्या पुढचे, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. मला सहा वर्षं "भाऊ" म्हणायचे, माझ्या डब्यातली शेवेची भाजी हक्काने खायचे. प्रमोशनच्या दुसऱ्या दिवसापासून "साहेब" म्हणायला लागले आणि मला ते टोमण्यासारखं लागलं. बहुतेक टोमणा नसेलही. पण मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं, आणि कोल्ड रूम ही नेमकी अशी जागा होती जिच्यातलं मला खरंच काही येत नव्हतं.

तर तो दिवस. आखातात जाणारा कंटेनर, चाळीस फुटी रीफर, 1540 पेट्या, 13 किलोची एक. मॅनेजर म्हणून माझा पहिला. हजार पेट्या रूम नंबर एकमध्ये दोन दिवसांपासून पडून होत्या, त्यांचं टेन्शन नव्हतं. उरलेल्या 540 आदल्या दिवशी भरल्या. बाहेर 44 अंश. एरवी सकाळी कटिंग होऊन माल येतो, टँकमध्ये तुरटीच्या पाण्यात चीक निघतो, धुवून वजन होऊन पॅकिंग, आणि तीन-चारपर्यंत सगळं आत. त्या दिवशी मी टेबलाशी उभा राहून एकेक पेटी परत काट्यावर चढवत होतो, भरलेली पेटी उघडून फण्या बघत होतो, बाया हात बांधून उभ्या. एक काकू म्हणाली सुद्धा, "साहेब, आम्ही कालपासून नाही भरत पेट्या." हसण्यावारी नेलं. शेवटची पेटी आत गेली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे ती केळी जवळजवळ दिवसभर शेडमध्ये तापत पडली. उशीर झाला म्हणून पोरांनी पेट्या घाईघाईत चिकटून रचल्या, मध्ये हवेला फट ठेवली नाही. अप्पा दारात येऊन म्हणाले, "साहेब, दोन नंबरना माल..." आणि मी म्हटलं, माहितीये मला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला कंटेनर लागला. रजिस्टरमध्ये रूम दोनचं पल्प टेंपरेचर 13.8 लिहिलेलं. पल्प टेंपरेचर म्हणजे केळाच्या गरात सुई खुपसून बघतात ते, रूमच्या हवेचं नाही. पाहिजे होतं 13-14, म्हणजे बरोबर. हजार पेट्या चढल्या. रूम दोनच्या सुरू होणार म्हणून मी नुसतं दाखवायला, मॅनेजरने हातात काहीतरी धरलेलं बरं दिसतं म्हणून, प्रोब उचलला आणि मधल्या रांगेतल्या एका पेटीत खुपसला. 19.6.

आधी वाटलं प्रोब बिघडला. हे एक मला येत होतं, क्वालिटीला असताना शिकलो होतो, की शंका आली तर सुई बर्फाच्या पाण्यात बुडवायची, शून्याजवळ दाखवलं म्हणजे ठीक. बाहेरच्या रसवंतीवरून ग्लासभर बर्फ आणला. 0.2 दाखवलं. प्रोब ठणठणीत होता. रजिस्टर लिहिणाऱ्या पोराने पंख्याच्या तोंडासमोरच्या दोन पेट्यांचं रीडिंग घेऊन तेच खाली ओढलं होतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तोडलेलं कच्चं केळ जिवंत असतं, श्वास घेतं, स्वतःची उष्णता सोडत राहतं. रीफर कंटेनर हा थंड माल थंड ठेवायला बनवलेला असतो, गरम माल थंड करायची त्याची फारशी ताकद नसते. बाहेरच्या डिस्प्लेवर 13.5 दिसत राहील, पण ती आत फेकलेल्या हवेची गोष्ट, मधल्या पेट्या अठरा-एकोणीसवर शिजत राहतात, जहाजात पिकायला लागतात, आणि पिकलेल्या पेटीतून निघणारा इथिलीन गॅस शेजारच्या चांगल्या पेट्यांनाही पिकवतो. म्हणजे 540 गरम पेट्यांनी हजार चांगल्या पेट्या पण गेल्या असत्या.

हे सगळं मला कळत होतं आणि तरी, इथं खरं सांगायचं तर, मी पेन उघडलं होतं. 13.8 खाली माझी सही करायला. डोक्यात केळी नव्हतीच, डोक्यात एवढंच की पहिल्याच कंटेनरला शेठना फोन केला तर ते म्हणतील, मला वाटलंच होतं. सही केली तर निदान आठ-दहा दिवस तरी कोणाला कळणार नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, पाणी पण गरम, टाकी उन्हात असते.

बाहेर आलो आणि पोरांना म्हटलं रूममधलं तापमान खाली आणा, 10 ला लावा, लवकर होईल. तेव्हा अप्पा कोपऱ्यातून बोलले, "दहा? काया पडी जाई माल." म्हणजे माल काळा पडेल. तेराच्या खाली गेलं की केळाच्या सालीला थंडी बाधते, आत पट्टे पडतात, नंतर पिकवलं तरी पिवळं न होता मळकं राखाडी दिसतं. मला हे ऐकून माहीत होतं पण त्या घटकेला सुचलं नाही. मी तिथंच एका पेटीवर बसलो. म्हटलं अप्पा, मला नाही येत हे. काय करायचं?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मी म्हटलं तुम्हाला कालच माहीत होतं ना? तर म्हणाले, "तू इचारं नही, मी सांगं नही." साहेब नाही म्हणाले, तू म्हणाले.

मग आधी शेठना फोन. मी अंदाजे दोन मिनिटं एका दमात बोललो असेन, माझ्यामुळे पॅकिंगला उशीर झाला, रचाई चुकली, रीडिंग चुकीचं, सगळं. पलीकडे शांतता. मग एकच प्रश्न, "किती तास पाहिजे?" मी म्हटलं अप्पा आठ म्हणतात. "मग अप्पा म्हणतात तसं कर," आणि फोन ठेवला. महिनाभर ज्या बोलण्याला घाबरलो ते एवढंच होतं.

अप्पांनी 540 पेट्या परत रचायला लावल्या, दोन रांगा समोरासमोर, मध्ये गल्ली, पेटीची भोकं भोकांना जुळवून. गल्लीच्या तोंडाशी मोठा पंखा उलटा लावला, हवा बाहेर ओढणारा, आणि वरून व मागून ताडपत्री टाकून सगळं बंद केलं. म्हणजे थंड हवेला पेट्यांच्या भोकांतूनच आत शिरण्यावाचून रस्ता राहिला नाही. मोठ्या ठिकाणी यासाठी मशीन असते, आमच्याकडे ताडपत्री. सेटिंग 13 वर, त्याखाली नाही. तासातासाला मधल्या पेटीत सुई. 18.1, 17.2, मग बराच वेळ हलेचना, ताडपत्री एका बाजूने उडाली होती ती विटा ठेवून दाबली, मग परत उतरायला लागलं. पहाटे चारला बऱ्याचशा पेट्या 14.5 च्या आत. नव्वद पेट्या सोळाच्या आसपास अडकून राहिल्या, त्या अप्पांनी सरळ बाजूला काढल्या. 1450 घेऊन कंटेनर पाचच्या आत न्हावा शेवाकडे निघाला आणि बंदराची वेळ गाठली. नव्वद पेट्या लोकल बाजारात पडेल त्या भावाने गेल्या, शेठनी त्याचा हिशोब मला दाखवला, बोलले काही नाही.

माझी मामेबहीण धुळ्याला कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, तिला हे सांगितलं तर म्हणाली यावर 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींचा पेपर आहे, दीडशेच्या वर हुशार, यशस्वी बायकांबद्दल, ज्यांना वाटायचं आपण लोकांना फसवतोय. लोक इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात पण त्यांनी इम्पोस्टर फिनॉमेनन म्हटलंय, आजार नाही. त्यातली माणसं गरजेपेक्षा जास्त मेहनत करतात, काम जमलं की म्हणतात मेहनतीमुळे जमलं, मला येतं म्हणून नाही, आणि पुढच्या वेळी परत तेच. काट्यावर पेट्या चढवणारा मीच दिसलो मला. पण मी तिला म्हटलं, अगं पण माझ्या बाबतीत अर्धं खरं होतं ना, कोल्ड रूमचं मला येतच नव्हतं. त्यावर ती म्हणाली मग ते अर्धं वेगळं काढून लिही. घरी येऊन वहीत लिहिलं. कोल्ड रूम, एक्स्पोर्टचे कागद, लाईट बिलाचं ते डिमांडचं प्रकरण. तीनच निघाल्या. भीती मात्र तीसची होती. प्रत्येकीसमोर कोणाला विचारायचं ते नाव लिहिलं, पहिलं अप्पांचं.

लॉटवर माझ्या सहीचा नियम काढून टाकला. वजन परत बायांकडे. तरी हात शिवशिवतो, काट्याजवळून जाताना मुद्दाम खिशात घालतो.

आता रजिस्टरला तीन रकाने आहेत, पंख्याजवळ, मधली, दाराजवळची. परवा रात्री एक वाजता त्याच पोराचा फोन, "भाऊ, मधली 16.2 दाखवतेय." झोपेतून उठवलं म्हणून आधी खेकसलोच त्याच्यावर. मग गाडीला किक मारली.