पगार दुप्पट व्हायला 9 वर्षं की 10? माझा अनुभव

दरवर्षी ठरलेली 8 टक्के पगारवाढ, सुरुवातीचा पगार 40,000. हिशेब विभागातल्या बाईंनी मला कागदसुद्धा न घेता सांगितलं, "72 ला 8 नं भागा. 9 वर्षांत दुप्पट." त्याआधी मी 100 ला 8 नं भागून साडेबारा वर्षं धरून बसलो होतो. वाढीवरही वाढ मिळते, हेच विसरलो होतो. ती चूक लगेच कळली, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डोक्याला ताप झाला तो पुढे. तक्ता केला: B2 मध्ये 40000, B3 मध्ये `=B2*1.08`, आणि तेच खाली ओढलं. शेजारच्या रकान्यात दुप्पट झाली का ते तपासायला हे:

```
=B11>=2*$B$2
```

B11 म्हणजे नववी वाढ. तिथे आकडा दिसत होता 80 हजार आणि शेजारी उत्तर FALSE! टक्केवारी पुन्हा टाकली, सूत्र पुसून नव्यानं लिहिलं, फाइल बंद करून उघडली. तरी FALSE. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "तुमचा संगणक बिघडलाय." मला त्याचा राग आजही आहे, कारण मी तासभर खरंच तेच समजत होतो.

शेवटी लक्षात आलं की रकान्यातले आकडे मीच हजारात दाखवायला लावले होते, दशांश न ठेवता. ती मांडणी काढल्यावर खरा आकडा दिसला: 79,960.19. दुपटीला चाळीस कमी! डोळ्यांना 80 दिसतं, पण तुलना आतल्या पूर्ण आकड्याशी होते. तेव्हा असं काही अडलं तर सूत्राला हात लावण्याआधी दशांश उघडून बघा.

मग नेमकी किती वर्षं लागतात ते काढायला `=NPER(8%,0,-40000,80000)` टाकलं. उत्तर 9.006. पण पगार काही रोज थोडाथोडा वाढत नाही, वर्षातून एकदाच उडी मारतो. म्हणून त्या .006 साठी आणखी एक अख्खं वर्ष थांबायचं, आणि दहाव्या वाढीला थेट 86,357. म्हणजे काटेकोर बघितलं तर माझा तक्ता बरोबर होता. (हे बाईंना मी आवर्जून कळवलं.) चाळीससाठी कोण अडून बसतं म्हणा, पण मुद्दा तो नव्हता.

72 चा नियम टाकाऊ नाही. 5 टक्क्यांना तो 14.4 सांगतो, खरं उत्तर 14.2 च्या आसपास येतं. दोन्हीकडे पुढच्या पूर्ण वाढीपर्यंत गेलं की 15 च.

एक राहिलंच. आमच्याकडे मध्ये एका वर्षी 4 टक्के दिले आणि पुढच्या वर्षी 12 देऊन "भरपाई" केली. सरासरी 8 च, पण 1.04 × 1.12 = 1.1648 आणि 1.08 × 1.08 = 1.1664. फरक किरकोळ आहे, पण आहे, आणि तो कायमचा मागे राहतो. शिवाय त्या 4 टक्क्यांच्या वर्षभर हातात कमी आलं ते वेगळंच.